बेल दाबली, तरी व्हिडिओ दिसला का नाही? यूट्यूबच्या नोटिफिकेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाड तालुक्यातून कांद्याच्या बाजारभावाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत इथल्या लिलावात आवक किती झाली, किमान, कमाल आणि सरासरी भाव काय निघाला, हे रोज सांगतो. आमच्या व्हिडिओचं आयुष्य एका रात्रीचं असतं. संध्याकाळी भाव कळला, तर उद्या पहाटे ट्रॅक्टर भरायचा की माल चाळीत ठेवायचा, हे शेतकऱ्याला ठरवता येतं. तोच व्हिडिओ परवा दिसला तर त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे "दादा, बेल दाबून ठेवलीय, तरी तुमचा व्हिडिओ आला नाही" असा फोन आला की मी तो सोडून देत नाही, कुठे अडलं ते शोधतो. बघणारे आणि चॅनेल चालवणारे असे दोघेही मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

सबस्क्राइब केलं म्हणजे नवीन व्हिडिओचं नोटिफिकेशन आपोआप येतं ना?

काही वेळा येतं, पण प्रत्येक वेळी नाही. सबस्क्राइब केल्यावर बेल आपोआप "Personalized" वर असते. याचा अर्थ, कोणता व्हिडिओ तुम्हाला कळवायचा हे यूट्यूब ठरवतं. तुम्ही काय पाहिलंय, त्या चॅनेलवर किती वेळा येता, तो व्हिडिओ किती चालतोय, आलेली नोटिफिकेशन उघडता की नाही, हे सगळं त्यात धरलं जातं. एकाच गावातल्या दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी सबस्क्राइब केलं, तरी एकाला आमचा व्हिडिओ कळेल आणि दुसऱ्याला नाही, असं सहज होतं.

प्रत्येक व्हिडिओ कळायला हवा असेल, तर चॅनेलच्या पानावर "Subscribed" लिहिलेल्या बटणावर दाबा आणि उघडलेल्या यादीतून "All" निवडा. बेलच्या चित्रावरूनही सेटिंग ओळखता येतं. वाजत असल्यासारख्या रेघा दोन्ही बाजूंना दिसल्या तर ते ऑल. नुसती बेल म्हणजे पर्सनलाइज्ड. बेलवर तिरकी रेघ असेल तर "None", म्हणजे काहीच येणार नाही.

मग ऑल निवडलं की काम झालं?

अर्धं झालं. ऑल निवडताना तुम्ही यूट्यूबला सांगता की या चॅनेलचं मला कळव. पण ते तुमच्या फोनच्या स्क्रीनवर उमटायला फोनची परवानगीही लागते, आणि ती बेल दाबून मिळत नाही.

बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण नवीन व्हिडिओ तीन वेगवेगळ्या जागी दिसू शकतो आणि या तिन्ही जागा स्वतंत्र आहेत. पहिली जागा फोनचा पडदा, जिथे फोन कुलूपबंद असतानाही सूचना झळकते. दुसरी यूट्यूब ॲपच्या आतली नोटिफिकेशनची यादी, जी ॲपमधल्या बेलच्या चित्रावर दाबल्यावर उघडते. तिसरी "Subscriptions" हे पान, जिथे तुम्ही धरलेल्या चॅनेलचे नवे व्हिडिओ येतात. या तिसऱ्या जागेचा बेलशी काही संबंध नाही. बेल नन असली तरी व्हिडिओ तिथे येतो. मी वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना सेटिंग शिकवण्याआधी हेच पान दाखवतो: "काका, संध्याकाळी सात वाजता इथे बोट लावा, माझा व्हिडिओ सापडेल." निम्म्या तक्रारी एवढ्यानेच संपतात.

मी ऑल निवडलंय, तरी फोनवर काहीच येत नाही. नेमकं कुठे अडलंय, ते कसं ओळखायचं?

आत्ता सांगितलेल्या तीन जागा क्रमाने बघा. व्हिडिओ कुठपर्यंत पोचला हे कळलं की दोष कुठे आहे तेही कळतं.

आधी ॲपमधली नोटिफिकेशनची यादी उघडा. व्हिडिओ तिथे असेल आणि फोनच्या पडद्यावर मात्र आला नसेल, तर बेल बरोबर आहे आणि सूचना फोनच्या बाजूला अडलीय. आता बघा, यूट्यूबवरच्या दुसऱ्या कोणत्या चॅनेलची सूचना पडद्यावर येते का? एकाचीही येत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात यूट्यूब, त्यात नोटिफिकेशन असं जा आणि परवानगी चालू आहे का ते पाहा. अँड्रॉइड 13 पासून फोन प्रत्येक नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी विचारतो. नवा फोन घेतल्यावर घाईत "नको" दाबलं गेलं, तर पुढे कितीही बेल दाबा, पडदा गप्पच राहतो. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलीय.

परवानगी चालू असूनही सूचना उशिरा येत असेल, किंवा ॲप उघडल्यावरच एकदम चार-पाच सूचना कोसळत असतील, तर बॅटरी वाचवणारं सेटिंग बघा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये ते कडक असतं, आणि बराच वेळ न उघडलेल्या ॲपला मागे काम करू देत नाही. यूट्यूबसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका. शेतात मोबाइल डेटा बंद ठेवायची सवय असेल, तर नेट चालू होईपर्यंत सूचना येणार नाही हे तर उघडच आहे.

व्हिडिओ ॲपमधल्या यादीतही नसेल, पण सबस्क्रिप्शन्सच्या पानावर दिसत असेल, तर दोष फोनमध्ये शोधू नका. एक तर बेल ऑलवर नाही, किंवा फोनमध्ये दोन गूगल खाती आहेत आणि बेल एका खात्यात दाबलीय, तर यूट्यूब उघडलंय दुसऱ्याने. मुलाने त्याच्या खात्यातून सबस्क्राइब करून दिलं आणि नंतर स्वतःचं खातं काढून घेतलं, असे दोन प्रसंग मी स्वतः पाहिलेत. या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर अडचण चॅनेलवाल्याच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. ती पुढे सांगतो.

आणि व्हिडिओ सबस्क्रिप्शन्सच्या पानावरही नसेल, तर आधी तुम्ही सबस्क्राइब केलेलं आहे याची खात्री करा. असेल, तर चॅनेलवाल्याला कळवा. अपलोड करताना त्याचं काहीतरी राहिलंय.

सूचना येते, पण फोन वाजत नाही. किंवा सगळ्या दिवसाच्या एकदम येतात. हे काय?

ॲपच्या "Settings" मधल्या "Notifications" मध्ये दोन गोष्टी बघा. "Scheduled digest" चालू असेल, तर दिवसभरातली नोटिफिकेशन एकत्र करून ठरलेल्या एका वेळी दिली जातात. बाजारभावासाठी हे अगदीच गैरसोयीचं, ते बंद करा. दुसरी "Disable sounds & vibrations". ही चालू असताना ठरलेल्या वेळेत, म्हणजे बदलली नसेल तर रात्री 10 ते सकाळी 8, सूचना आवाज न करता येते. आमचे बरेच शेतकरी पहाटे चारला उठतात. त्यांनी ती वेळ आपल्या दिवसाप्रमाणे लावून घ्यावी.

मी आलेलं नोटिफिकेशन कधी उघडत नाही. म्हणून येणं थांबतं का?

पर्सनलाइज्डमध्ये थांबू शकतं, कारण उघडणं न उघडणं हा त्यातला एक आधारच आहे. ऑलच्या बाबतीत पूर्वी असं नव्हतं. पण 2025 मध्ये यूट्यूबने एक प्रयोग जाहीर केला: ऑल निवडलेल्या, पण बऱ्याच दिवसांत त्या चॅनेलकडे न फिरकलेल्या प्रेक्षकाच्या फोनच्या पडद्यावर सूचना पाठवायची नाही, ॲपमधल्या यादीत मात्र ठेवायची. त्यांचं कारण असं, की नको असलेल्या सूचनांना कंटाळून लोक सगळ्या यूट्यूबचीच नोटिफिकेशन बंद करून टाकतात, आणि मग कोणत्याच चॅनेलची सूचना पोचत नाही.

चॅनेलवाला म्हणून मला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. आता पटतं. ज्याने फोनवरच परवानगी बंद केली, तो मला कायमचा गेला.

आमच्या पिकाला याचा एक वेगळा फटका बसतो. उन्हाळ कांदा विकून झाला की काही शेतकरी आमचे व्हिडिओ दोन-तीन महिने बघत नाहीत. नंतर लाल कांदा निघाला की भाव हवा असतो, आणि सूचना आलेली नसते. अशा वेळी स्वतःहून चॅनेलवर या, दोन-चार व्हिडिओ बघा.

मी चॅनेल चालवतो. सगळं बरोबर करूनही एखाद्या व्हिडिओची सूचना कुणालाच गेली नाही, असं का होतं?

एका चॅनेलच्या नव्या व्हिडिओ आणि लाइव्हची मिळून 24 तासांत जास्तीत जास्त तीन नोटिफिकेशन यूट्यूब एका सबस्क्रायबरला पाठवतं. हा नियम मला नुकसान करून घेतल्यावर कळला, म्हणून तो दिवस तपशिलात सांगतो.

सकाळी लिलाव सुरू होताच मी आवकेचा एक छोटा व्हिडिओ टाकला. दुपारी लासलगावचा भाव टाकला. त्यानंतर विंचूरचा टाकला, पण त्यात सरासरी भाव बोलताना चुकलो, म्हणून तो काढून टाकून दुरुस्त करून पुन्हा चढवला. संध्याकाळी कळलं की दुसऱ्या दिवशी लिलाव बंद राहणार. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा व्हिडिओ तोच होता, आणि तो मी सातच्या सुमारास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरून आलेल्या तिघांचे फोन आले. त्यातल्या दोघांची बेल ऑलवर होती.

हिशेब असा लागतो. आवक एक, लासलगाव दोन, विंचूर तीन. इथेच वाटा संपला. दुरुस्त केलेला विंचूर चौथा आणि लिलाव बंदचा पाचवा. काढून टाकलेल्या व्हिडिओची सूचना निघून गेलेली असते, ती परत जमा होत नाही. वर ती उघडणाऱ्याला "व्हिडिओ उपलब्ध नाही" असं दिसतं. हे दोन्ही शेवटचे व्हिडिओ सबस्क्रिप्शन्सच्या पानावर होते, पण कुणाचा फोन वाजला नाही.

यातून मी दोन सवयी लावून घेतल्या. शीर्षकात किंवा वर्णनात चूक झाली तर व्हिडिओ काढत नाही, जागेवरच दुरुस्त करतो. बोलण्यात चूक झाली तर पहिल्या कॉमेंटमध्ये बरोबर आकडा लिहून ती वर पिन करतो. आणि सकाळच्या आवकेच्या व्हिडिओची सूचना मुळात पाठवतच नाही. ती कशी थांबवायची, ते पुढच्या उत्तरात आहे.

एखाद्या व्हिडिओची सूचना मुद्दाम न पाठवता येते का?

येते. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ चढवताना तपशिलाच्या पानावर "Show more" दाबा. खाली "Publish to subscriptions feed and notify subscribers" अशी एक चौकट असते, आणि ती आधीपासून टिक केलेली असते. टिक काढली तर सूचना जात नाही.

पण एक लक्षात ठेवा: ती टिक काढली की व्हिडिओ सबस्क्रिप्शन्सच्या पानावरही येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीला बांधलेल्या आहेत. म्हणून जो व्हिडिओ लोकांनी शोधून किंवा चॅनेलवर येऊन बघितला तरी चालेल, त्याचीच टिक काढा. "बियाणं कसं निवडावं" अशा वर्षभर चालणाऱ्या व्हिडिओला हे ठीक आहे. दिवसाच्या मुख्य भावाला चालणार नाही. आणि हा निर्णय प्रसिद्ध करण्याआधीच घ्या. नंतर टिक परत केली म्हणून हुकलेली सूचना मागाहून जात नाही.

सूचना अजिबात न दिसण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे व्हिडिओ "Private" किंवा "Unlisted" राहिलेला असतो. घाईत हे होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून एकदा बघायला सांगा.

माझे दहा हजार सबस्क्रायबर आहेत. सूचना किती जणांना जाते?

हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. स्टुडिओत "Analytics", त्यात "Audience", आणि तिथे "Subscriber bell notifications" नावाची चौकट. त्यात दोन ओळी असतात. पहिली, किती सबस्क्रायबरनी ऑल निवडलंय. दुसरी, त्यातल्या किती जणांच्या फोनवर यूट्यूबचं नोटिफिकेशन चालूही आहे. यूट्यूब तिथेच सर्वसाधारण प्रमाणही दाखवतं: पहिल्या ओळीसाठी 10 ते 30 टक्के, दुसरीसाठी 5 ते 20 टक्के.

समजा तुमचा आकडा मधला आहे. दहा हजारांतल्या दोन हजारांनी ऑल निवडलंय, आणि एक हजार जणांचा फोन खरोखर वाजू शकतो. म्हणजे बेल दाबलेल्यांपैकीही निम्म्यांपर्यंत पडद्यावरची सूचना जात नाही, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. "मी तर बेल दाबलीय" असं म्हणणारा शेतकरी खरंच बोलत असतो. आता या हजारांपैकी शंभरात दोघांनी सूचनेवर बोट लावलं असं धरा. हे झाले वीस व्ह्यू.

पहिल्यांदा हे बघून मला वाईट वाटलं होतं. पण या विसाला सूचनेचा सगळा परिणाम समजू नका. बरेच जण सूचना वाचतात, हातातलं काम संपवतात आणि नंतर थेट ॲप उघडून व्हिडिओ बघतात. तो व्ह्यू होमपेजच्या किंवा सबस्क्रिप्शन्सच्या खात्यात जमा होतो. शिवाय आमच्या बाबतीत सूचनेचं शीर्षकच पुरेसं असतं. मी शीर्षकात सुरुवातीलाच गाव, तारीख आणि सरासरी भाव लिहितो. शेतकऱ्याने कुलूपबंद पडद्यावर भाव वाचला, तर त्याचं काम झालं आणि मला व्ह्यू मिळाला नाही. मला ते मान्य आहे. लांब शीर्षक पडद्यावर मध्येच कापलं जातं, म्हणून "शेतकरी बांधवांनो" वगैरे शब्द पुढे लावू नका. आकड्याची जागा ते खातात.

बालगीतांच्या चॅनेलवर बेल दिसतच नाही. बिघाड आहे का?

नाही. व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे असं ठरवलं गेलं, की त्याची नोटिफिकेशन जात नाहीत आणि तशा चॅनेलची बेल बंद राहते. हा बदल जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या खाजगीपणाच्या कायद्यामुळे सगळीकडे लागू झाला. मात्र मोठ्यांसाठीचा व्हिडिओ चढवताना चुकून "Yes, it's made for kids" दाबलं गेलं, तर तुमचीही सूचना बंद होते. कॉमेंटही बंद दिसल्या, तर हीच चूक झाली असं समजा आणि सेटिंग बदला.

पूर्वी ईमेल यायचा. तो परत चालू करता येतो का?

नाही. नव्या व्हिडिओचे ईमेल यूट्यूबने ऑगस्ट 2020 मध्ये बंद केले. ते उघडणाऱ्यांचं प्रमाण 0.1 टक्क्याहूनही कमी होतं, असं त्यांनी सांगितलं होतं.

प्रीमियर लावला तर जास्त लोकांना कळतं का?

प्रीमियरच्या पानावर ज्याने "Notify me" दाबलंय, त्याला सुरू होण्याच्या साधारण अर्धा तास आधी एक आणि सुरू होताना एक अशी आठवण जाते. ज्या कार्यक्रमाची लोक वाट बघतात, त्याला हे उपयोगी आहे. भावाच्या व्हिडिओला नाही. नुसत्या आठवणीसाठी तयार व्हिडिओ अर्धा तास रोखून धरण्यात शेतकऱ्याचा काही फायदा नाही.

प्रीमियर न लावता वेळ साधण्याची एक साधी पद्धत आहे. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूब आधी कमी दर्जाचं चित्र तयार करतं, स्पष्ट चित्र नंतर येतं. तेवढ्यात प्रसिद्ध केलात तर सूचना जाते आणि उघडणाऱ्याला भावाची पाटी धूसर दिसते. म्हणून मी व्हिडिओ सव्वासहाला चढवतो आणि "Schedule" मध्ये सातची वेळ लावतो.

मग प्रत्येक व्हिडिओत "बेल दाबा" म्हणायचं की नाही?

मी आता नुसतं "बेल दाबा" म्हणत नाही. ते ऐकून माणूस बेलच्या चित्रावर एकदा बोट लावतो आणि पर्सनलाइज्डवरच राहतो, किंवा ऑल निवडतो आणि फोनची परवानगी बंदच असते. महिन्यातून एकदा मी फोनचा पडदा दाखवून दोन मिनिटांत दोन्ही सेटिंग करून दाखवतो: आधी ऑल, मग फोनमधली यूट्यूबची परवानगी. त्यानंतर पंधरा दिवसांनी स्टुडिओतल्या त्या दोन ओळी बघतो. पहिली वाढली आणि दुसरी तिथेच राहिली, तर परवानगीचा भाग लोकांना नीट समजला नाही, आणि पुढच्या वेळी मी तोच भाग सावकाश दाखवतो.

घरात एक जुना फोनही वेगळ्या खात्याने सबस्क्राइब करून, ऑल लावून ठेवलाय. सातला तो वाजला नाही, की मी आधी टिक बघतो, मग त्या दिवशीचे व्हिडिओ मोजतो. आणि तरीही उलगडा झाला नाही, तर भावाचा आकडा सरळ गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, कारण पहाटे ट्रॅक्टर निघायच्या आत तो पोचायला हवा.